जाळी खाली येईना, तेव्हा

अमेरिकेतल्या घरांत बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बहुतेक वेळा छतात बसवलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या वरच्या कप्प्यात पाती फिरताना दिसतात. तिथे मात्र खालून दिसते ती पांढऱ्या प्लास्टिकची चौकोनी जाळी; मोटर, पाती आणि हवा घराबाहेर नेणारा पाइप, सगळं तिच्या वर दडलेलं. उत्तरेकडच्या राज्यांत थंडीत खिडकी उघडायची सोय नसते, त्यामुळे आंघोळीची वाफ बाहेर काढायचं सगळं काम ह्या एका फॅनवर येतं. वाफेबरोबर टॉवेलचे बारीक धागे, पावडर, केस, धूळ असं सगळं वर ओढलं जातं आणि जाळीच्या फटींत ओलसर होऊन चिकटून बसतं. काही वर्षांत फटी बुजत येतात. फॅन घरघरतो, आरशावरची वाफ हटत नाही, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग घरातलं कुणीतरी शिडी घेऊन वर चढतं आणि पहिल्याच पायरीला अडतं, कारण ह्या जाळीला एकही स्क्रू दिसत नाही.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरमध्ये फॉल्स सीलिंगच्या आत पाइपला जोडलेले फॅन बसू लागले, तसा तो इकडेही येऊ लागला आहे. जाळी धरलेली असते ती मागच्या दोन स्प्रिंगांनी. नीट असेल तर ती बोटांनी ओढून खाली येते. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसेल तर ती येत नाही, आणि मग माणूस जोर वाढवतो. नुकसान होतं ते इथेच. ओढताना हाताला जाणवणारा विरोध तीन तऱ्हांचा असतो: स्प्रिंगचा, रंगाचा आणि अडकलेल्या तारेचा. तिघांची जाणीव वेगळी आणि तिघांवरचा उपायही वेगळा. कुठला विरोध लागतो आहे हे बोटांना ओळखता आलं, तर ताकदीची गरज जवळजवळ उरत नाही.

स्प्रिंग धरते कशी

छतात लाकडी तुळईला पत्र्याची एक चौकोनी पेटी ठोकलेली असते. तिच्याभोवती जिप्सम बोर्ड कापून छत पूर्ण केलेलं असतं. पेटीची कड आणि बोर्डाची कापलेली कड ह्यांच्यामध्ये थोडी फट राहतेच. ती झाकता यावी म्हणून जाळी पेटीपेक्षा सगळ्या बाजूंनी काही सेंटिमीटर मोठी केलेली असते.

जाळीच्या पाठीमागे, समोरासमोरच्या दोन बाजूंना, प्लास्टिकचे छोटे खुंट असतात. प्रत्येक खुंटात तारेची एक स्प्रिंग अडकवलेली असते. तिला मध्ये एक-दोन वेटोळी असतात आणि वेटोळ्यातून दोन लांब पाय निघतात. फुलके उलटायच्या चिमट्यासारखीच ती वागते: पाय दाबले की जवळ येतात, सोडले की फाकतात. पायांची टोकं जराशी बाहेर वळवलेली असतात. पेटीच्या आतल्या बाजूला, प्रत्येक स्प्रिंगसमोर, पत्र्यात एक अरुंद खाच असते. दोन्ही पाय दाबून त्या खाचेतून वर सारायचे. वर गेल्यावर पाय फाकू पाहतात आणि त्यांचे तिरपे दांडे खाचेच्या कडांवरून सरकत जाळीला छताकडे ओढून घेतात. जाळी पूर्ण वर बसली की पाय अगदी रुंद पसरलेले असतात. खाली ओढली की खाच त्यांना पुन्हा जवळ आणते. शेवटी वळलेली टोकं खाचेत अडतात, त्यामुळे जाळी हातातून सुटली तरी डोक्यावर पडत नाही, दोन स्प्रिंगांवर लोंबकळत राहते.

ह्या रचनेतून कामाची एक गोष्ट निघते. ह्या स्प्रिंगांना प्लास्टिकची हलकी जाळी तेवढी तोलून धरायची असते. त्या काही पेटी बंद करणाऱ्या कड्या नव्हेत. म्हणून दोन्ही हातांच्या बोटांनी बेताचा जोर लावल्यावर जाळी हललीच पाहिजे. हलत नसेल, तर तिला धरून ठेवणारं स्प्रिंगखेरीज दुसरं काहीतरी आहे असं खुशाल समजावं. मग जोर वाढवायचा नाही, ते दुसरं काय आहे ते शोधायचं.

त्याआधी एक खात्री करून घ्यावी. सगळ्याच जाळ्या स्प्रिंगवर नसतात. काही जुन्या मॉडेलना जाळीच्या मधोमध एक स्क्रू किंवा गोल चाकी असते, आणि रंगाच्या थराखाली ती सहज लपते. दिवा असलेल्या मॉडेलमध्ये मधली पारदर्शक काच वेगळी निघते आणि जाळीचा स्क्रू तिच्या आत असू शकतो. मधल्या भागावर बोट फिरवून पाहावं. मग टॉर्च तिरपा धरून जाळीच्या फटींतून आत बघावं. समोरासमोरच्या दोन कडांपाशी तारेचे चकाकणारे किंवा गंजलेले पाय दिसले, की काम स्प्रिंगचं आहे हे नक्की झालं आणि ओढायचं कुठे हेही कळलं. ज्या दोन बाजूंना स्प्रिंग आहेत, त्याच बाजूंना धरून ओढायचं.

हात लावण्याआधी

वीज बंद करायची ती ब्रेकरवरून, नुसत्या बटणावरून नाही. बाथरूमच्या छतातल्या एकाच पेटीत फॅन, दिवा आणि कधी गरम हवेचा हीटरही असतो, आणि त्यांच्या वायरी वेगवेगळ्या बटणांवरून आलेल्या असू शकतात. अमेरिकेत हा दाब 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230 व्होल्टचा. ओल्या जागी दोन्ही जीवघेणे. ब्रेकर पाडल्यावर फॅनचं आणि दिव्याचं बटण दाबून पाहावं. जाळी उतरल्यावर आतल्या वायरीजवळ टेस्टर धरून पुन्हा एकदा खात्री करावी.

शिडी घडीची आणि चारही पाय जमिनीला टेकणारी हवी. कमोडच्या झाकणावर किंवा टबच्या काठावर उभं राहून हे काम करू नये, कारण अडकलेली जाळी सुटते ती एकदम, आणि त्या क्षणी तोल जातो. डोळ्यांना गॉगल लावावा, कारण मान वर असते आणि साठलेली सगळी घाण सरळ डोळ्यांत येते. नाकाला मास्क, खाली जुनी चादर.

जुन्या घरांसाठी एक इशारा आहे. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला 1978 मध्ये बंदी आली. त्याआधी बांधलेल्या घरात छताच्या रंगाचे जुने थर शिशाचे असू शकतात, आणि त्या काळातल्या खरबरीत, दाणेदार छतात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतं. अशा ठिकाणी कोरडा रंग खरवडायचा नाही, घासायचा नाही. छताची तपासणी करून घ्यावी आणि मगच पुढे जावं.

पहिला विरोध: स्प्रिंगचा

आता स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या कडेखाली बोटांची टोकं घालावीत. दोन्ही हातांनी सारखं, हळूहळू खाली ओढावं. सगळं ठीक असेल तर जाळी जरा खाली येते, आणि हात सैल केला की पुन्हा वर जाते. हा स्प्रिंगचा विरोध. तो जिवंत असतो, म्हणजे ओढलं की देतो आणि सोडलं की परत घेतो. तो लागला तर काळजीचं काही नाही.

तसंच ओढत राहावं. जाळी साधारण चार-पाच सेंटिमीटर खाली आली, की मध्ये हात जाईल एवढी जागा होते आणि स्प्रिंगचे पाय दिसतात. एका हाताने जाळीला खालून आधार द्यावा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने एका स्प्रिंगचे दोन्ही पाय एकमेकांकडे दाबावेत आणि खाचेतून खाली काढावेत. ती बाजू सुटली की दुसरी. जोराने हिसकून टोकं खाचेतून ओढून काढायचा मोह टाळावा. तशाने वळलेलं टोक सरळ होतं किंवा खाचेचा पत्रा वाकतो, आणि पुढच्या वेळी जाळी घट्ट बसतच नाही.

दुसरा विरोध: रंगाचा

बहुतेक अडकलेल्या जाळ्या इथे अडकलेल्या असतात. छताला रंग देताना रंगाऱ्याने जाळी उतरवलेली नसते, रोलर तिच्या कडेवरून फिरवलेला असतो. लेटेक्स रंग वाळला की जाळी आणि छत ह्यांच्या फटीत त्याची लवचीक, चिवट पट्टी तयार होते. कधी फट दिसू नये म्हणून कुणी कडेने सिलिकॉन किंवा सीलंटही भरलेलं असतं. आपल्याकडच्या फॉल्स सीलिंगमध्ये हेच काम कधी पुट्टीने केलेलं आढळतं.

ह्या विरोधाची जाणीव अगदी वेगळी. जाळी एक मिलिमीटरही हलत नाही, आणि सैल सोडल्यावर परत जायलाही काही नसतं. जरा जोर दिला तर जाळीबरोबर छतच किंचित लवल्यासारखं वाटतं, कडेला बारीक तडकल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की थांबायचं. जिप्सम बोर्ड म्हणजे दोन कागदांमध्ये भरलेली जिप्समची वडी. रंगाची पट्टी त्या खालच्या कागदाला चिकटलेली असते. तसंच ओढलं तर कागदाचा पापुद्रा जाळीबरोबर निघून येतो आणि छतावर हातभर लांब ओरखडा राहतो. तो भरायचा, घासायचा, रंगवायचा, हे सगळं काम जाळी उतरवण्यापेक्षा कितीतरी मोठं.

इथे धारदार कटर लागतो, आणि पातं नवं घालावं, कारण बोथट पातं रंग कापत नाही, फाडतं. पात्याचं टोक जाळीच्या कडेवर टेकवून, छताकडे न वळवता जाळीकडे किंचित तिरपं धरून, चारी बाजूंनी हलका हात फिरवायचा. पहिल्या फेरीत नुसती रेघ उमटते, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पट्टी कापली जाते. खोल जायचं कारण नाही. आपल्याला रंगाचा थर कापायचा आहे, छताचा कागद नव्हे. चुकून पातं घसरलं तर ओरखडा जाळीवर यावा, छतावर नको. जाळी बदलता येते, म्हणून पात्याचा कल तिच्याकडे. कोपऱ्यांत रंग जास्त साठतो, तिथे एक फेरी अधिक द्यावी.

त्यानंतर प्लास्टिकची पातळ पट्टी, रंगाऱ्याची पुट्टी लावायची पट्टी असते तसली, जाळी आणि छत ह्यांच्या फटीत घालावी. ती सरकवत चारी बाजूंनी न्यायची, जिथे अडेल तिथे पुन्हा कटर. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून छतावर रेटा देऊन उचकटू नये. सगळा भार त्याच्या टोकाएवढ्या जागेवर येतो आणि बोर्डात खड्डा पडतो. उचकटायची वेळ आलीच, तर पट्टी आणि छत ह्यांच्यामध्ये लाकडाची पातळ फळी ठेवावी, म्हणजे भार पसरतो. पट्टी चारी बाजूंनी मोकळी फिरली, की हातांनी पुन्हा ओढून पाहावं. आता जाळी हलते आणि परत जाते का? तसं असेल तर रंगाचा विरोध संपला.

तिसरा विरोध: अडकलेल्या तारेचा

तिसरी तऱ्हा फसवी असते, कारण सुरुवात चांगली होते. जाळी दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली येते आणि मग एका बाजूला एकदम थांबते. दुसरी बाजू आणखी खाली येते, जाळी तिरकी होते. हा थांबा स्प्रिंगसारखा लवचीक नसतो आणि रंगासारखा सुरुवातीपासूनचाही नसतो. थोडं अंतर कापल्यावर लागलेला हा कडक अडथळा असतो. ह्याचा अर्थ त्या बाजूच्या स्प्रिंगचा एक पाय कुठेतरी धरला गेला आहे.

कारणं मुख्यतः दोन. पहिलं गंज. खाच पत्र्याची, स्प्रिंग तारेची, आणि जागा वाफेची. पाय वर्षानुवर्षं एकाच जागी टेकलेला असेल तर तिथे गंजाचा खरबरीत थर चढतो आणि पाय खाचेतून सरकत नाही. दुसरं, मागच्या वेळी जाळी बसवताना झालेली चूक. बसवणाऱ्याने एक पाय खाचेत घातलेला असतो, पण दुसरा घाईत पेटीच्या कडेबाहेर, पत्रा आणि जिप्सम बोर्ड ह्यांच्या फटीत गेलेला असतो. जाळी वर बसलेली दिसते, कुणाला काही कळत नाही. उतरवताना मात्र त्या पायाचं वळलेलं टोक पत्र्याच्या कडेमागे अडकतं. जितकं ओढाल तितकं ते घट्ट रुतत जातं.

इथे खाली ओढून उपयोग नाही, आधी वर ढकलायचं. अडलेली बाजू एक-दोन सेंटिमीटर वर नेली की टोकावरचा ताण जातो. मग त्या बाजूच्या फटीतून टॉर्च मारून पाय कुठे आहे ते पाहावं. ताण नसताना पातळ स्क्रू ड्रायव्हरच्या कडेने किंवा नोज प्लायरने तो पाय आत, दुसऱ्या पायाकडे, ढकलावा आणि टोक कडेवरून सोडवून घ्यावं. ताण असताना हाच पाय दाबायला गेलात तर तो हलत नाही, आणि हललाच तर सटकन बोटावर येतो.

गंज असेल तर खाचेपाशी वंगण लावावं, पण फवारा मारू नये. फवारा मोटरवर, वायरींवर आणि प्लास्टिकवर जातो. काही वंगणांतल्या द्रावकांनी जाळीचं जुनं प्लास्टिक तडकतं. कापसाची काडी वंगणात बुडवून नेमकी तार आणि खाच जिथे टेकतात तिथे लावावी, दहा-पंधरा मिनिटं थांबावं, मग जाळी हळूच वर-खाली करावी. गंज एका झटक्यात सुटत नाही. वर-खाली हालचालीने तो घासला जातो आणि प्रत्येक फेरीला पाय जरा जास्त सरकतो.

एक प्रत्यक्ष काम

न्यू जर्सीत माझ्या मावशीच्या टाउनहाउसमध्ये हे तिन्ही विरोध एकाच जाळीत भेटले. घर तिने विकत घेण्यापूर्वी रंगवलेलं होतं, आणि जाळीची कड छताच्या रंगात बुडालेली होती. टॉर्च मारल्यावर दरवाजाकडच्या आणि टबकडच्या कडेला स्प्रिंग दिसल्या. म्हणजे ओढायचं त्या दोन बाजूंना.

जाळी तसूभरही हलेना. खालून मावशी म्हणाली, "अरे, जोर नको लावूस, छत खाली येईल." तिचं बरोबर होतं, टबकडे छत लवताना दिसत होतं. कटर फिरवला, पट्टी घातली. तीन बाजू मोकळ्या झाल्या, चौथ्या बाजूला पट्टी मध्येच अडली. तिथे रंगाखाली सीलंटची रेघ निघाली. सीलंट रंगापेक्षा जाड असतं, त्यामुळे त्या कडेला कटरच्या अधिक फेऱ्या द्याव्या लागल्या.

त्यानंतर जाळी खाली आली, पण टबकडची बाजू थोड्या अंतरावर थबकली आणि दरवाजाकडची पुढे गेली. थांबा कडक होता, म्हणून ओढणं थांबवलं. दरवाजाकडची स्प्रिंग आधी दाबून सोडवली, म्हणजे जाळी त्या बाजूने दारासारखी खाली झुकली आणि टबकडची स्प्रिंग समोर दिसू लागली. तिचा एक पाय खाचेत होता, दुसरा पत्र्याच्या बाहेरून बोर्डाच्या फटीत गेला होता. जाळीची ती कड वर ढकलून धरली, स्क्रू ड्रायव्हरची बाजू पायाच्या मागे घातली आणि पाय आत लोटला. टोक कडेवरून सुटलं. मग दोन्ही पाय चिमटीत धरून खाचेतून काढले. छताला ओरखडा गेला नाही, जाळीच्या एका कोपऱ्यावर कटरची रेघ मात्र राहिली.

ह्या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे मोकळी बाजू आधी सोडवणं. जाळी दोन्ही बाजूंनी टांगलेली असताना अडलेल्या स्प्रिंगजवळ ना हात जातो, ना नजर. एक बाजू सुटली की दोन्ही जातात.

तुटायचंच असेल तर

कधी कधी एवढं करूनही स्प्रिंग सुटत नाही. अशा वेळी काय तुटू द्यायचं ह्याचा क्रम मनाशी पक्का असावा. सगळ्यात स्वस्त स्प्रिंग, मग जाळी, मग पत्र्याची पेटी, आणि सगळ्यात महाग छत. पेटी बदलायची तर छत कापावं लागतं, म्हणून तिच्या खाचेला जपायचं. छोट्या कटिंग प्लायरने अडकलेल्या स्प्रिंगचा पाय कापून टाकणं हा वाईट मार्ग नाही. कापताना तार उडते, म्हणून गॉगल डोळ्यांवर असावा, तोंड बाजूला असावं आणि दुसऱ्या हाताने जाळी धरलेली असावी. कापलेले तुकडे पेटीतून काढून घ्यावेत. पात्यांत तार गेली तर फॅन सुरू केल्याबरोबर खडखडेल.

जाळीचं प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालं असेल, तर स्प्रिंगचा खुंटच मोडून जाळी हातात येते. तेव्हा तिला चिकटवत बसू नये. तो खुंट सतत ताण सोसतो, आणि डिंकाचा जोड वाफेत टिकत नाही. नवी जाळी आणावी. त्यासाठी पेटीच्या आत लावलेल्या लेबलवरचा मॉडेल नंबर लिहून घ्यावा. लेबल वाचता येत नसेल तर दोन मापं हवीत: समोरासमोरच्या खाचांमधलं अंतर आणि छतातल्या भोकाचं बाहेरचं माप. पहिल्यावरून स्प्रिंग बसतील का ते कळतं, दुसऱ्यावरून फट झाकली जाईल का ते.

पेटीच हलत असेल, पत्रा गंजून भोकं पडली असतील, वायरींचं आवरण तडकलं असेल, किंवा पेटीत पाणी साठल्याचे डाग असतील, तर इथून पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. भाड्याच्या घरात छताला धक्का लागणार असं दिसलं, तर कटर उचलण्याआधी घरमालकाला कळवलेलं बरं.

आपल्याकडच्या फॉल्स सीलिंगमध्ये एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे फॅनची पेटी अनेकदा वरच्या स्लॅबला सळयांनी टांगलेली असते आणि बोर्ड किंवा पीव्हीसीची पट्टी तिच्याभोवती नुसती टेकलेली असते. ओढताना पेटी जागेवर राहते आणि सीलिंग खाली येऊ लागतं. म्हणून एकाने जाळी ओढावी आणि दुसऱ्याने शेजारचं सीलिंग तळहाताने वर धरावं. पीव्हीसीच्या पट्टीवर कटर आणखी जपून चालवावा, तिच्यावरची रेघ भरून निघत नाही.

पुन्हा बसवताना

जाळी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजत ठेवावी, मऊ ब्रशने फटी घासाव्यात आणि पूर्ण वाळू द्यावी. आतली धूळ व्हॅक्युमने ओढावी, पाती कोरड्या ब्रशने साफ करावीत. मोटरला पाणी लावू नये. धुळीचं आवरण बसलेली मोटर तापते आणि लवकर जळते, त्यामुळे ही सफाई जाळीइतकीच गरजेची. पाइपच्या तोंडाशी एक हलकी झडप असते, हवा बाहेर जावी पण बाहेरची थंड हवा आत येऊ नये म्हणून. ती बोटाने उघडते आणि आपोआप मिटते का तेही पाहून घ्यावं.

बसवताना प्रत्येक स्प्रिंगचे दोन्ही पाय चिमटीत दाबून, डोळ्यांनी बघून, खाचेत घालावेत. अंदाजाने नाही. आधी एक बाजू, मग दुसरी, आणि मगच जाळी वर ढकलायची. पाय आपोआप फाकतात आणि जाळी छताला जाऊन भिडते. ती पूर्ण वर जात नसेल, एका बाजूला लोंबत असेल, तर स्प्रिंग थकलेली आहे. ती काढून हाताने तिचे पाय थोडे अधिक फाकवावेत, पकड वाढते. एका स्प्रिंगचे फाकवले तर दुसरीचेही तेवढेच फाकवावेत, नाहीतर जाळी तिरकी बसते.

ब्रेकर चालू करावा, फॅन लावावा आणि टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीखाली धरून सोडावा. तो जाळीला चिकटून राहिला तर हवा ओढली जाते आहे. पडला तर अडथळा पाइपमध्ये किंवा झडपेत आहे, आणि ते काम अजून शिल्लक आहे.

आणि छताला पुन्हा रंग द्यायची वेळ आली, की रंगारी येण्याआधी जाळी उतरवून ठेवावी. छत वाळल्यावर ती परत चढवावी, आणि कडेला सीलंट कुणालाही भरू देऊ नये. जाळी आणि छत ह्यांच्यातली ती बारीक फट दिसली तर दिसू द्यावी. पुढच्या वेळी बोटांची टोकं तिथूनच आत जाणार आहेत.